नागपूरच्या थंडीसाठी इन्स्टंट गिझर की स्टोरेज गिझर?

प्रश्न: आम्ही चार जण आहोत, नुकतीच नागपूरला बदली झाली आहे. इन्स्टंट गिझर स्वस्त मिळतो आणि वीजही कमी खातो असे ऐकले. घ्यावा का?

उत्तर:

चार माणसे सकाळी एकापाठोपाठ आंघोळ करणार असतील, तर नागपुरात इन्स्टंट गिझर घेऊ नका. तो स्वस्त मिळतो हे खरे आहे, पण वीज कमी खातो हे खरे नाही. याच वाक्यावर विश्वास ठेवून आम्ही दोन गिझर घेतले आणि माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईने एक अख्खा हिवाळा कोमट पाण्याने आंघोळ केली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर त्रिमूर्तीनगरात आहे आणि घरात आई, आम्ही दोघे व दोन मुले अशी पाच माणसे आहेत. नवीन घरात राहायला आलो तेव्हा थोरल्या बहिणीचे यजमान ठाण्याहून वास्तुशांतीला आले होते. दुकानात ते सोबत होते. मी पंचवीस लिटरचा स्टोरेज गिझर पाहत होतो, तेव्हा ते म्हणाले, "अरे, पंचवीस लिटर पाणी दिवसभर तापवत ठेवायचं म्हणजे मीटर पळतच राहणार. आमच्याकडे तीन लिटरचा इन्स्टंट आहे, बटण दाबलं की पाणी." दुकानदारानेही मान डोलावली. पंचवीस लिटरचा गिझर दहा हजारांच्या पुढे होता आणि तीन लिटरचे दोन इन्स्टंट मिळून सात हजारांत बसत होते. भाऊजींच्या शब्दाला मान देऊन मी दोन इन्स्टंट गिझर घेतले.

नोव्हेंबर बरा गेला. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात थंडी वाढली आणि एका सकाळी आई न्हाणीघरातूनच म्हणाली, "हे पाणी तर कोमटही नाही रे बाप्पा." मी जाऊन पाहिले तर दिवा लागलेला होता आणि गिझरमध्ये काहीही बिघाड नव्हता. सुरुवातीचे दोन-तीन लिटर पाणी चांगले कढत आले होते, कारण तेवढे टाकीत आधीच तापलेले होते. त्यानंतर आलेले पाणी मात्र जेमतेम ऊन होते. कंपनीचा माणूस येऊन तपासून गेला आणि गिझर ठीक असल्याचे सांगून गेला. त्याचे म्हणणे बरोबर होते, पण कारण त्याने सांगितले नाही. ते मला प्रयोगशाळेतला थर्मामीटर, बादली आणि घड्याळ घेऊन स्वतः शोधावे लागले.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ठरावीकच उष्णता लागते. तीन किलोवॅटचा गिझर एका मिनिटात एक लिटर पाणी साधारण त्रेचाळीस अंशांनी तापवू शकतो. नळ मोठा करून मिनिटाला दोन लिटर घेतले, तर तापमान साडेएकवीस अंशच वाढते आणि चार लिटर घेतले, तर अकरा अंशही वाढत नाही. जानेवारीत सकाळी सात वाजता आमच्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी सोळा अंश होते. आंघोळीला बेचाळीस अंशांचे पाणी हवे धरले, तर वाढ सव्वीस अंशांची हवी. म्हणजे नळ मिनिटाला दीड-पावणेदोन लिटरच्या आसपास सोडता येतो आणि अठरा लिटरची बादली भरायला अकरा मिनिटे लागतात.

आमच्याकडे त्याहूनही वेळ लागत होता, कारण सकाळच्या वेळी व्होल्टेज दोनशे पाचपर्यंत उतरत असे. व्होल्टेज दहा टक्के पडले की गिझरची ताकद दहा टक्के नव्हे, तर जवळजवळ वीस टक्के पडते, कारण व्होल्टेजबरोबर प्रवाहही कमी होतो. तीन किलोवॅटचा गिझर आमच्या भिंतीवर प्रत्यक्षात दोन किलोवॅट चारशेच्या आसपासच काम करत होता. बादलीला चौदा मिनिटे लागत होती आणि आई साहजिकच नळ पूर्ण सोडत होती.

भाऊजींचा अनुभव खोटा नव्हता, तो ठाण्याचा होता. किनारपट्टीवर हिवाळ्यातही टाकीतले पाणी पंचवीस-सव्वीस अंशांच्या खाली फारसे जात नाही. तिथे वाढ सोळा अंशांची हवी असते, त्यामुळे तोच गिझर मिनिटाला अडीच लिटरहून अधिक पाणी देतो. शिवाय ते दोघेच आहेत आणि त्यांच्या कामाच्या वेळा वेगळ्या आहेत. हे मी त्यांना फोनवर समजावून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे, पाणी कमी येत असेल, पण वीज तर वाचते ना?"

म्हणून पुढच्या हिवाळ्यात मी खालच्या न्हाणीघरात दोन किलोवॅटचा, पंचवीस लिटरचा, पाच तारे असलेला स्टोरेज गिझर बसवला आणि वायरमनकडून गिझरच्या लाइनवर वेगळा सब-मीटर लावून घेतला. पहिला आठवडा पाचही जणांनी वरच्या इन्स्टंट गिझरच्या पाण्याने, नळ बारीक ठेवून, प्रत्येकी एक बादली आंघोळ केली. आठवड्याला वीस युनिट लागले. दुसरा आठवडा स्टोरेज गिझरवर काढला. आंघोळी सुरू होण्याच्या चाळीस मिनिटे आधी तो चालू करायचा आणि शेवटचा माणूस आंघोळीला जाण्यापूर्वी बंद करायचा, असे ठरवले. युनिट लागले साडेवीस. तिसऱ्या आठवड्यात, भाऊजींची शंका पूर्ण फिटावी म्हणून, तो रात्रंदिवस चालू ठेवला. युनिट लागले साडेतेवीस.

हे आकडे हिशेबाशीही जुळतात. अठरा लिटर पाणी सव्वीस अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते, मग ते कोणत्याही यंत्रात तापवा. पाच बादल्यांना दिवसाला पावणेतीन युनिट हे झालेच. स्टोरेज गिझरमध्ये वाया जाते ती फक्त टाकीच्या भिंतीतून निसटणारी उष्णता. आमच्या गिझरची ही गळती चोवीस तासांना सुमारे अर्धा-पाऊण युनिट निघाली. दोन तासच चालू ठेवला, तर ती नगण्य होते. स्टोरेज गिझरच्या तारांकनाच्या लेबलावर हाच आकडा लिहिलेला असतो आणि तारे त्यावरूनच ठरतात. दुकानात ताऱ्यांपेक्षा तो आकडा वाचा.

दिवसभर चालू राहिल्याने वाया जाणारे अर्धे युनिट दहा रुपयांच्या दराने धरले, तरी नागपूरच्या साधारण चार महिन्यांच्या हिवाळ्यात सहाशे रुपयांच्या आत बसते. बाकीचे महिने गिझर बंदच असतो आणि मे महिन्यात तर टाकीचे पाणी हाताला चटका देते. ज्या बचतीसाठी आम्ही आईला थंडीत कुडकुडत ठेवले, ती वर्षाकाठी एवढीच होती आणि गिझर वेळेवर बंद केला असता तर तीही उरली नसती.

बिलाचा अंदाज काढताना गिझरचे युनिट तुमच्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने मोजा. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांनंतरचा टप्पा बराच महाग आहे. मात्र शंभर ओलांडले म्हणून आधीचे शंभर युनिट महाग होत नाहीत. ते होतात, हा गैरसमज आमच्या गल्लीत अनेकांचा आहे.

आता तुमच्या चार जणांचे. आकारमान ठरवताना माणसांच्या संख्येइतकेच दोन आंघोळींमधले अंतर मोजा. पंधरा लिटरचा गिझर साठ अंशांवर तापवला, तर त्यात आमच्यासारखी जवळजवळ दीड बादली असते आणि पुढच्या बादल्या मधल्या वेळेत तापणाऱ्या पाण्यातून येतात. दोन किलोवॅटच्या गिझरला एका बादलीइतकी उष्णता नव्याने तयार करायला सोळा मिनिटे लागतात. चौघे पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने जाणार असाल, तर पंधरा लिटर पुरेल. दहा-बारा मिनिटांनी दार वाजवणारी मुले घरात असतील, तर चौथ्या माणसाला पाणी कमी पडेल. अशा वेळी दोन-तीन हजार जास्त देऊन पंचवीस लिटरचाच घ्या. शॉवर वापरत असाल तरी पंचवीसच घ्या.

किमतीच्या तुलनेत वायरिंगही धरा, आम्ही ते धरले नव्हते. तीन किलोवॅटचा गिझर तेरा अँपिअर ओढतो, त्याला सोळा अँपिअरचा सॉकेट आणि निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार लागते. आमच्या वरच्या न्हाणीघरात बिल्डरने बारीक तार टाकलेली होती. दुसऱ्याच महिन्यात प्लगची पिन काळी पडली आणि सॉकेट वितळू लागला. नवी तार ओढायला अडीच हजार गेले, म्हणजे स्वस्त गिझरची निम्म्याहून अधिक बचत तिथेच संपली.

इन्स्टंट गिझर सगळीकडेच वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. वरचा गिझर आम्ही स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या नळाला लावला आहे आणि तिथे तो उत्तम चालतो, कारण एका वेळी दोन-तीन लिटरच ऊन पाणी हवे असते. एकटा माणूस असेल किंवा नवरा-बायको वेगवेगळ्या वेळी आंघोळ करत असतील, तर पंधरा लिटर तापवून अर्धे तसेच सोडण्यापेक्षा इन्स्टंट बरा.

तुमचे घर बेसा किंवा मनीषनगरच्या बाजूला असेल आणि पाणी बोअरचे असेल, तर क्षारांचा विचार दोन्ही प्रकारांत करावा लागेल. तापताना तडतड आवाज येऊ लागला किंवा तेवढ्याच वेळात पाणी पूर्वीइतके तापेनासे झाले, की कॉइलवर थर बसला आहे असे समजा. स्टोरेज गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती टाकीऐवजी स्वतः झिजते. कारागिराला ती दर दोन वर्षांनी काढून दाखवायला सांगा आणि बोटभर उरली असेल तर बदला. आमची दुसऱ्या वर्षीच निम्मी झाली होती.

गेल्या जानेवारीत भाऊजी चार दिवस मुक्कामाला होते. सकाळी सहा वाजता मी त्यांना टाकीच्या नळाखाली हात धरायला लावला आणि सब-मीटरची वही दाखवली. त्यांनी वही पूर्ण वाचली. चार दिवस ते खालच्याच न्हाणीघरात, आईच्या नंतर, आंघोळीला जात होते.