ईमेलमधून नाव, तारीख, रक्कम मॉडेलने काढून टेबल बनवलं. अचूकता 95 टक्के येते, पुरेशी आहे का?

कशाची 95 टक्के, ते आधी बघा. तिन्ही रकान्यांची सरासरी असेल तर मी ती मानत नाही. याच सरासरीवरून इंदूरच्या आमच्या गणेशोत्सव मंडळात माझा खजिनदारांशी वाद झाला होता.

2023 मध्ये वर्गणीचे 412 ईमेल आले. खजिनदारांच्या पुतण्याने मॉडेलकडून टेबल करून घेतलं. "दहा-बारा पाहिले, बरोबर आहेत," म्हणत पावत्यांचा पहिला गठ्ठा गेलासुद्धा. त्यात पाच हजार एकशे देणाऱ्या एका आजींना 2,100 ची पावती गेली. त्यांचा फोन मीच घेतला होता.

मग 100 ईमेल चिठ्ठ्या टाकून निवडले आणि टेबल न उघडता उत्तरं हाताने लिहिली. मॉडेलचं उत्तर समोर असलं की माणूस नुसती मान डोलावतो. नंतर ताडून पाहिलं तर नावं 97 बरोबर, रकमा 96, तारखा 81. खजिनदार सरासरीचे 91 टक्के धरून बसले. पण पावती अख्ख्या ओळीवरून निघते, आणि तिन्ही गोष्टी बरोबर असलेल्या ओळी होत्या 78. म्हणजे शंभरातल्या 22 पावत्या चुकीच्या.

तारखांची खोड लगेच दिसली. वर्गणीचं पत्रच आम्ही ऑगस्टमध्ये पाठवलं होतं आणि टेबलात मे महिन्यातल्या वर्गण्या! 05/09 चं 9 मे झालं होतं. 12 च्या पुढचे दिवस तेवढे बरोबर, कारण तेरावा महिनाच नसतो. "परवा पाठवले" असं लिहिलेल्या ईमेलमध्ये तर मॉडेलने तारीख अंदाजाने ठोकली होती, कारण त्याला फक्त मजकूर दिला होता. आता ईमेल पाठवल्याची तारीख सोबत देतो, आधी दिवस मग महिना हे बजावतो आणि सापडलं नाही तर रकाना रिकामा ठेवायला सांगतो. रिकामे आणि चुकलेले वेगळे मोजा. रिकामा रकाना माणूस भरतो, चुकलेला तसाच छापला जातो.

रक्कम ज्या शब्दांत लिहिली आहे ते शब्दही मॉडेलकडून जसेच्या तसे मागवून तपासतो:

```python
" ".join(quote.split()) in " ".join(body.split())
```

मनाने घातलेला आकडा इथे सहसा पकडला जातो. आजींचा मात्र पकडला गेला नसता. त्यांनी आदल्या वर्षीच्या ईमेललाच उत्तर दिलं होतं, तेव्हाचे 2,100 खाली होतेच. म्हणून `>` ने सुरू होणाऱ्या जुन्या ओळी आधी काढून टाका. काही ईमेलमध्ये जुना मजकूर या खुणेशिवाय येतो, ते हाताने बघावे लागतात.

आणि हो, 100 तपासून एकही चूक सापडली नाही, तरी खरं प्रमाण शंभरात 3 पर्यंत असू शकतं. म्हणून रकमेसाठी मी नमुन्यावर थांबत नाही, प्रत्येक ओळ बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवतो. खजिनदार याला अजूनही वेळेचा अपव्यय म्हणतात. गेल्या वर्षी त्या जुळवणीत सहा ओळी सापडल्या, पावत्या छापायच्या आधी.