बाबांसाठी आणलेली तीन पुस्तकं

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. बाबांच्या मधुमेहासाठी तीन पुस्तकं आणलीस आणि तिन्हींनी तीन दिशांना ओढलं, हे वाचून मला नवल वाटलं नाही. पण पत्राच्या शेवटी जे ओझरतं लिहिलंस, तेच मी आधी घेते. दोन वेळा जेवणाचं पुस्तक वाचून बाबांनी सकाळचा नाश्ता बंद केला आणि चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला त्यांना दरदरून घाम आला, हात कापायला लागले. आईने साखरपाणी दिलं म्हणून निभावलं. तू त्याला "अशक्तपणा" म्हटलं आहेस. तो अशक्तपणा नसावा, साखर उतरली असावी.

बाबांच्या गोळ्यांची नावं तू लिहिलीस ते बरं केलंस. मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर सहसा एवढी उतरत नाही. पण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, आणि माणूस जेवला की नाही याची ती वाट पाहत नाही. बाबांनी सवयीप्रमाणे सकाळी गोळी घेतली आणि पोटात अकरा वाजेपर्यंत काही गेलंच नाही. पुन्हा असं झालं तर लगेच ग्लुकोमीटरवर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा, नाही वाढली तर तेवढीच पुन्हा द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांना भेटेपर्यंत नाश्ता परत सुरू करा.

आता पुस्तकाकडे वळू. आहाराचं कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी त्यात औषधांचं प्रकरण शोधते. लेखक आहार बदलायला सांगतो, पण ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने काय करायचं याचा शब्द नसेल, तर मधुमेहाचा पेशंट डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिलेलं नाही असं मी धरते. पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करायला सांगणाऱ्या पुस्तकांत तर हे फारच महत्त्वाचं आहे. ज्यांच्या गोळीचं नाव "ग्लिफ्लोझिन"ने संपतं, त्यांच्या रक्तात अशा आहाराने आम्ल वाढू शकतं, आणि मीटरवर साखर फारशी वाढलेली नसतानाही हे होतं. म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही.

दोनदा जेवण ही नुसती फॅशन आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. प्रागमध्ये यावर नीट प्रयोग झाला आणि २०१४ साली छापून आला. टाइप २ मधुमेहाचे, गोळ्या घेणारे ५४ जण त्यात होते. त्या सगळ्यांना गरजेपेक्षा रोज ५०० कॅलरी कमी दिल्या. बारा आठवडे तेवढंच अन्न दिवसातून सहा वेळा आणि बारा आठवडे दोनच वेळा. अर्ध्यांनी आधी सहा वेळा खाल्लं, अर्ध्यांनी आधी दोन वेळा. सहा वेळा खाताना सरासरी वजन २.३ किलो उतरलं, दोनदा जेवताना ३.७ किलो. उपाशीपोटीची साखरही दोनदा जेवताना जास्त कमी झाली. म्हणजे पुस्तकातल्या दाव्याला आधार आहे. पण ती दोन जेवणं कुठली होती? सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण. रात्रीचं जेवणच नव्हतं. आपल्याकडे दोनदा जेवायचं ठरवलं की नाश्ता सुटतो, आणि रात्री साडेनऊला घरचे सगळे एकत्र बसून पोटभर जेवतात. प्रागच्या प्रयोगाने या पद्धतीबद्दल काहीच सिद्ध केलेलं नाही. शिवाय तिथे अन्न मोजून कमी केलेलं होतं. "दोनदा जेवा, पण हवं तेवढं खा" असं कोणी लिहिलं तर ते प्रागच्या नावावर खपवता येणार नाही.

एक दावा, एक प्रयोग, आणि त्या प्रयोगातली माणसं आपल्या माणसासारखी आहेत का, एवढं बघायचं. दुसऱ्या पुस्तकालाही हेच लाव, ज्याच्या वेष्टनावर "मधुमेहातून कायमची मुक्ती" छापलं आहे असं तू लिहितोस.

त्यामागचं संशोधन ब्रिटनमधलं आहे. ग्लासगोचे माइक लीन आणि न्यूकॅसलचे रॉय टेलर यांनी ते केलं, पहिले निष्कर्ष २०१७ साली आले. स्कॉटलंड आणि टाइनसाइडमधल्या ४९ दवाखान्यांतले ३०६ पेशंट घेतले. त्यातल्या निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला जेमतेम ८२५ ते ८५३ कॅलरी, त्याही नुसत्या पावडरीच्या पेयांतून. मग हळूहळू साधं जेवण सुरू केलं. वर्षभराने त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं. हे मोठं यश आहे. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत "मधुमेह मागे जाऊ शकतो" असं कुणी म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

पण पुस्तकवाले पुढचं पान वाचून दाखवत नाहीत. दोन वर्षांनी ते ४६ टक्के ३६ वर आले. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात १०० पैकी ८६ जणांना यश मिळालं, पण तेवढं वजन चारांतल्या एकालाच उतरवता आलं होतं. संशोधकांनी "मुक्ती" किंवा "बरा झाला" हे शब्द वापरले नाहीत, "रेमिशन" म्हटलं. आजार मागे हटलेला आहे, वजन वाढलं की परत येऊ शकतो. आणि या प्रयोगात मधुमेह होऊन सहा वर्षांहून जास्त काळ लोटलेला माणूस घेतलेलाच नव्हता, इन्शुलिन घेणाराही नाही. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या, पण देखरेखीखाली. बाबांना चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत स्वादुपिंडाची ताकद बरीच ओसरलेली असते. त्यांनी पाच-सहा किलो उतरवले तर साखर आणि रक्तदाब दोन्हींना फायदा होईल, कदाचित एखादी गोळीही कमी होईल. "कायमची मुक्ती" हे वचन त्यांना देऊ नकोस. ते पुरं झालं नाही की माणूस स्वतःला दोष देतो आणि मग पथ्यही सोडतो. हे मी फार घरांत पाहिलं आहे.

त्या पुस्तकातले अनुभवही बघ. "पंधरा दिवसांत एचबीएवनसी ९ वरून ६ वर" असं कुठे असेल तर तिथेच थांब. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, पंधरा दिवसांत ती एवढी खाली येत नाही.

तिसरं पुस्तक भरडधान्यांचं. आईला तेच पटलं आहे, कारण त्यात ज्वारी आहे आणि ज्वारी आपली. मलाही भाकरी प्रिय आहे. पण "गहू बंद, ज्वारी हवी तेवढी" हे वाक्य वजनकाट्यावर टिकत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टकं काढली, ५२८ पदार्थांची. तसं रुक्ष पुस्तक घरात असावं, कारण ते काही विकत नाही. त्यात १०० ग्रॅम ज्वारीत पिष्टमय भाग सुमारे ६८ ग्रॅम आहे, गव्हाच्या कणकेत सुमारे ६४. तंतू ज्वारीत १० ग्रॅम, कणकेत ११. म्हणजे दोन्ही जवळपास सारखीच. तंतू कमी आहेत ते तांदळात, जेमतेम ३.

आता स्वयंपाकघरात जा. आईला एका भाकरीचं पीठ काट्यावर ठेवायला सांग. आपल्याकडच्या भाकरीला ६० ग्रॅम सहज लागतं, म्हणजे पिष्टमय भाग ४० ग्रॅम. एका फुलक्याला २५ ग्रॅम कणीक, म्हणजे १६ ग्रॅम. बाबा आधी तीन फुलके खायचे, आता दोन भाकऱ्या खातात. ४८ चे ८० झाले. ज्वारी निवडून चूक झाली नाही, आकार बघितला नाही एवढंच. एक भाकरी, सोबत वाटीभर मटकीची उसळ आणि पालेभाजी, यात मला काही वावगं दिसत नाही.

हे बाबांच्या बाबतीत खरं आहे का, हे तुम्हालाच घरी कळेल. तीन दिवस दुपारी दोन भाकऱ्या, तीन दिवस एक. भाजी, उसळ, जेवणाची वेळ, गोळ्या, नंतरचं चालणं सगळं सारखं ठेवा. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून मोजून दोन तासांनी एकदा साखर बघा. हात साबणाने धुवून कोरडे करा, बोटाला आंब्याचा रस लागलेला असला तरी आकडा फुगतो. मीटर चांगलं असलं तरी खऱ्या आकड्याच्या १५ टक्के इकडेतिकडे दाखवू शकतं, म्हणून १७० आणि १८० यांत फरक धरू नका. तिन्ही दिवस चाळीस-पन्नासचा फरक दिसला तर मात्र तो खरा. पूर्वी माझ्याकडे येणारे एक शिक्षक अशी वही ठेवत. दोन भाकऱ्यांच्या दिवशी २१०, २२४, २०५ आणि एकीच्या दिवशी १६२, १७१, १६६. त्यानंतर त्यांना दुसऱ्या भाकरीबद्दल मी काही सांगावं लागलं नाही.

कारल्याचा रस आणि दालचिनीबद्दल विचारलंस. दोन्हींवरचे प्रयोग २०१२ साली कोक्रेन या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी एकत्र तपासले. साखर आटोक्यात येते असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. कारल्याची भाजी आवडत असेल तर खुशाल करा. रस मात्र ग्लिमेपिराइडवर रोज उपाशीपोटी नको. आणि गूळ म्हणजे साखरच. त्यातलं लोह मोजण्याइतका गूळ बाबांना चालणार नाही.

डॉक्टरांकडे जाताना अकराच्या त्या प्रसंगाची तारीख आणि वेळ, गोळ्यांच्या पट्ट्या आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारा शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट बरोबर ने. बाबांना दोनदा जेवायचंच असेल तर सकाळी नऊ आणि दुपारी तीन असं जमेल का, आणि मग ग्लिमेपिराइड कमी करायची की बदलायची, हे सरळ विचार. गोळी तुम्ही आपल्या मनाने बंद करू नका. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर उसळ-डाळीचं प्रमाण वेगळं ठरवावं लागेल, तेव्हा तो आकडा मला आधी कळव.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
काकू