प्रोटीन ए: अँटिबॉडी आहे, पण उलटी

"स्टॅफिलोकोकस ऑरियसला अँटिबॉडी चिकटलेली असते, रक्तात कॉम्प्लिमेंटही असतं, तरी न्यूट्रोफिल त्याला गिळत का नाही? प्रोटीन ए नक्की करतं काय?"

अँटिबॉडी चिकटलेली असते हे खरंय, पण कुठल्या टोकाने चिकटलीय ते बघा, सगळी गोम तिथेच आहे.

आयजीजी ही वायच्या आकाराची. वरचे दोन हात म्हणजे फॅब, ते जंतूला ओळखतात आणि धरतात. खालचा दांडा म्हणजे एफसी, आणि तो बाहेर मोकळा राहायला हवा, कारण न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावरचे एफसी-गॅमा रिसेप्टर त्यालाच पकडतात आणि तिथून गिळायची प्रक्रिया सुरू होते. प्रोटीन ए हे स्टॅफच्या पेशीभित्तिकेत घट्ट बसवलेलं प्रोटीन, सॉर्टेज नावाचं एन्झाइम त्याला तिथे जोडून देतं, आणि त्याला एकापाठोपाठ एक पाच जवळजवळ सारखे डोमेन असतात. यातला प्रत्येक डोमेन एफसी पकडू शकतो. म्हणजे अँटिबॉडी जंतूवर बसते पण दांडा आत आणि हात बाहेर! न्यूट्रोफिल जवळ येतो, पण त्याला धरायला हवं ते टोक जंतूच्या बाजूला दाबलेलं. शिवाय रक्तात आयजीजी साधारण १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असते आणि त्यातल्या बहुतेकीचा स्टॅफशी काही संबंध नसतो, तरी प्रोटीन ए ती सगळी सरसकट धरतं, त्याला फॅब कशाविरुद्ध आहे याच्याशी देणंघेणं नाही. फक्त आयजीजी३ मात्र साधारणपणे त्याच्या तावडीतून सुटते.

आता कॉम्प्लिमेंट. क्लासिकल मार्गाची सुरुवात सी१क्यू पासून होते. त्याला सहा डोकी असतात आणि एकटीदुकटी आयजीजी त्याला नीट धरता येत नाही, पृष्ठभागावर आयजीजी शेजारीशेजारी येऊन एफसीला एफसी लावून सहाचं कडं बनवतात तेव्हा सी१क्यू पक्का बसतो. एफसी एकमेकांना जिथे टेकतात साधारण तीच जागा प्रोटीन ए पकडतं. म्हणजे समजा एखादी अँटिबॉडी फॅबने अगदी सरळ बसली, तरी तिच्या एफसीला प्रोटीन ए चिकटलं की कडं बनत नाही, सी१क्यू बसत नाही, पुढे सी४, सी२ आणि सी३ फुटायची साखळी त्या मार्गाने सुरूच होत नाही. एकाच पकडीत दोन्ही कामं, न्यूट्रोफिललाही चुकवलं आणि क्लासिकल मार्गही अडवला. मला तरी ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

पुष्कळ जण इथे म्हणतात की मग शेवटी मेम्ब्रेन अटॅक कॉम्प्लेक्स आहेच की, तो भोक पाडेल. स्टॅफच्या बाबतीत ते विसरा. तो ग्रॅम पॉझिटिव्ह, बाहेर पेप्टिडोग्लायकनचा जाड थर, त्यामुळे ते कॉम्प्लेक्स आतल्या मेम्ब्रेनला भोक पाडून त्याला मारू शकत नाही. (नायसेरियासारख्या ग्रॅम निगेटिव्ह जंतूंचं वेगळं, तिथे सी५ ते सी९ मध्ये कमतरता असलेल्या लोकांना मेनिंगोकोकल इन्फेक्शन पुन्हापुन्हा होतं.) स्टॅफला मारायचं तर गिळूनच, आणि म्हणून कॉम्प्लिमेंटचा खरा उपयोग म्हणजे जंतूवर सी३बी चिकटवणं आणि सी५ए सोडून न्यूट्रोफिल बोलावणं.

सी३बी मात्र अँटिबॉडीशिवायही चिकटतो. अल्टरनेटिव्ह मार्ग सतत थोडाथोडा चालू असतो, लेक्टिन मार्गही आहे, आणि सी३बी आला की जंतूच्या पृष्ठभागाशी थेट कोव्हॅलंट बंध करतो, तो प्रोटीन ए ने अडत नाही. म्हणून स्टॅफला दुसरी सोय करावी लागलीय. एससीआयएन नावाचं छोटं प्रोटीन तो बाहेर सोडतो, ते सी३ फोडणाऱ्या कन्व्हर्टेजलाच जाम करतं. सीएचआयपीएस नावाचं दुसरं न्यूट्रोफिलवरचा सी५ए चा रिसेप्टर झाकतं, म्हणजे हाक गेली तरी ऐकू येत नाही. एकट्या प्रोटीन ए वर सगळं श्रेय टाकू नका एवढंच माझं म्हणणं.

हे वेगळं करून बघायची पद्धत सोपी आहे. एकाच स्ट्रेनचे दोन प्रकार घ्यायचे, एक मूळचा आणि एक प्रोटीन ए चं जीन काढून टाकलेला. दोन्ही साध्या सीरममध्ये ठेवायचे आणि ५६ अंशावर ३० मिनिटं तापवलेल्या सीरममध्येही ठेवायचे, कारण तापवल्यावर कॉम्प्लिमेंट निकामी होतं आणि अँटिबॉडी शाबूत राहते. मग न्यूट्रोफिल घालून किती जंतू आत गेले ते मोजायचं. तापवलेल्या सीरममध्ये दोघांमधला फरक उठून दिसतो, प्रोटीन ए नसलेला जास्त गिळला जातो. साध्या सीरमचं प्रमाण वाढवत नेलं की फरक कमी होतो, कारण सी३बी काम भागवतो. आणि सीरमच नसेल तर अँटिबॉडीही नाही, मग प्रोटीन ए ला धरायलाच काही नाही, तो कंट्रोल न चुकता ठेवावा.

यात घोळ कुठे होतात ते सांगतो. रात्रभर वाढवलेलं कल्चर घेतलं तर प्रोटीन ए आधीच कमी असतं, कारण गर्दी झाली की एजीआर ही सिस्टीम ते बनवणं आवरते, म्हणून वाढीच्या सुरुवातीच्या टप्प्यातले जंतू घ्या. दुसरं, न्यूट्रोफिलला बाहेरून नुसते चिकटलेले जंतूसुद्धा फ्लोरेसन्समध्ये "गिळलेले" म्हणून मोजले जातात, ते उडवायला लायसोस्टॅफिन वापरतात, ते स्टॅफची भिंत कापतं पण न्यूट्रोफिलच्या आत सहज शिरत नाही.

तिसरा घोळ तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. "अँटिबॉडी चिकटलेली असते" हे तुम्ही कशावरून म्हणताय? रंग लावलेली सशाची सेकंडरी अँटिबॉडी वापरली असेल तर तिचा एफसीही प्रोटीन ए धरतंच, सशाची आयजीजी तर त्याला फारच आवडते, त्यामुळे जंतूवर माणसाची एकही अँटिबॉडी नसली तरी नमुना झगझगीत उजळतो. सी३बी मोजायला सशाची अँटी-सी३ घेतली तरी तेच. त्यापेक्षा एफसी कापून टाकलेले फॅबचे तुकडे घ्या किंवा कोंबडीची आयजीवाय घ्या, प्रोटीन ए तिला धरत नाही. आणि मूळचा व प्रोटीन ए नसलेला, दोन्ही स्ट्रेन सीरमशिवाय, फक्त सेकंडरीबरोबर शेजारीशेजारी ठेवून बघा, मूळचा उजळला आणि प्रोटीन ए नसलेला काळाच राहिला तर तुम्ही मोजत होतात ते प्रोटीन ए च होतं.