वाघ आणि सिंह: तुलनेचा तक्ता

प्रश्न: मुलीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी वाघ-सिंहाचा तक्ता करायचा आहे: समाजजीवन, शिकार, अधिवास. आम्ही वाळपईला राहतो. काय लिहावे?

उत्तर: तक्ता असा करा:

| | वाघ | गीरचा सिंह |
|---|---|---|
| समाजजीवन | एकटा. पिल्ले सुमारे दोन वर्षे आईजवळ | माद्या-पिल्लांचा कळप, नर वेगळे |
| शिकार | दबा धरून, एकट्याने | बहुधा लहान गटाने |
| अधिवास | दाट झाडी, पाणी जवळ | कोरडे सागाचे जंगल, काटेरी झुडपे |

मथळ्यात 'गीरचा' हा शब्द ठेवाच. मोठा कळप आणि मोकळे गवताळ रान हे बहुतेक पुस्तकांतले चित्र आफ्रिकेतल्या सिंहाचे असते. गीरमध्ये नर दोघे-तिघे मिळून वेगळे फिरतात आणि मिलनाच्या वेळी किंवा मोठ्या शिकारीवरच माद्यांना भेटतात. कारण बरेचसे भक्ष्यात आहे. आफ्रिकेत रानरेडा, झेब्रा अशी मोठी जनावरे मिळतात, त्यावर बरीच तोंडे जेवतात. गीरमध्ये मुख्य भक्ष्य चितळ, ते मोठ्या कळपाला पुरणार कसे?

वाघाचे पट्टे झाडीतल्या उन्हा-सावलीत मिसळतात. तो अगदी जवळ सरकून झडप घालतो आणि गळा धरतो. लांब पाठलाग त्याला जमत नाही.

वाघासाठी उदाहरण म्हणून तुमच्याच सत्तरीतले म्हादई अभयारण्य घ्या. तिथे जानेवारी 2020 मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. ती चौघे म्हणजे आई आणि पिल्ले, वाघांचा कळप नव्हे. हे मुलीला नीट समजावून सांगा. आपल्याकडे बिबट्यालाही सर्रास वाघ म्हणतात, म्हणून चित्र पट्टेरी वाघाचेच लावा.