‘नेव्हर’च्या पोटातला ‘न’

‘नेव्हर हॅव आय सीन इट’ हा प्रश्न नाही, तरी ‘हॅव’ आधी आणि ‘आय’ नंतर का? ‘सो डिड शी’ आणि ‘सो शी डिड’ एकच का?

‘जोर देण्यासाठी’ हे शालेय उत्तर मला मुळीच पटत नाही. ‘यस्टर्डे’वर कितीही जोर द्या, ‘यस्टर्डे डिड आय सी हिम’ होत नाही. उलट ‘नॉट ओन्ली ही सिंग्ज’ असं सूत्रसंचालक बिनदिक्कत म्हणतात, तेव्हा घासात खडा आल्यासारखं होतं. तिथे ‘नॉट ओन्ली डझ ही सिंग’च हवं.

खरं कारण जुन्या इंग्रजीत आहे. तिथे क्रियापद बऱ्याचदा वाक्यात दुसऱ्या जागी बसायचं. जर्मनमध्ये ते आजही बसतं, आणि आपल्याकडे काश्मिरीतही. १६११च्या इंग्रजी बायबलात ‘देन केम पीटर’ आहे, तो त्याचाच अवशेष. पण जुन्या इंग्रजीत ‘मी’, ‘तो’ अशी सर्वनामं पुष्कळदा क्रियापदाच्या आधीच राहायची. नकाराचा ‘ने’ क्रियापदाला चिकटून वाक्याच्या तोंडाशी आला, की मात्र तीही मागे जायची. हा ‘ने’ म्हणजे संस्कृत ‘न’चा सख्खा भाऊ, आणि तो ‘नेव्हर’च्या पोटातच आहे: ‘ने’ अधिक ‘एव्हर’! नकाराची ती पकड सर्वांत घट्ट होती, म्हणून बाकीकडे क्रम सरळ झाला तरी इथे उलटाच राहिला, असं माझं ठाम मत आहे. पुढे मुख्य क्रियापदांना कर्त्यापुढे जाणं जमेनासं झालं, तेव्हा ती जागा ‘डू’ने घेतली: ‘नेव्हर सॉ आय’चं ‘नेव्हर डिड आय सी’ झालं.

नकार खरा की नुसता दिसायला, हे मराठीत सांगून पाहा. ‘ॲट नो टाइम वॉज ही अलोन’ म्हणजे तो कधीच एकटा नव्हता. ‘इन नो टाइम ही वॉज अलोन’ म्हणजे बघता बघता तो एकटा पडला. पहिल्यात मराठी क्रियापद नकारी झालं, म्हणून इंग्रजीत क्रम उलटा. दुसऱ्यात ‘नो’ असूनही वाक्य होकारी, म्हणून क्रम सरळ. ‘हार्डली हॅड आय सॅट’लाही ही कसोटी लागते: मी बसतो न बसतो तोच! तो ‘न’ बघा. ‘ओन्ली देन डिड आय नो’पाशी मात्र ती चालत नाही. ‘तेव्हाच कळलं’ होकारी आहे. त्याआधी कळलं नव्हतं, हा नकार ‘च’मध्ये दडलेला.

हो, ‘सो’ राहिलाच. ‘रवी लेफ्ट, सो डिड शी’ म्हणजे तीही गेली. ‘शी लेफ्ट’वर ‘सो शी डिड’ म्हणजे अरे हो, गेली खरी. पहिल्यात माणूस दुसरं, दुसऱ्यात तेच.