‘बघते’ म्हणू नकोस

वडोदरा, दांडिया बाजार

प्रिय पोरी,

परवा मैदानावर म्हणालीस, “काका, मकरपुऱ्यातली शिफ्ट बदलली, आता रविवारही हातात नाही. पण पंच मंडळाला नाही कसं म्हणू?” म्हणून तू दर वेळी ‘बघते’ म्हणतेस. माझा राग त्या ‘बघते’वर आहे.

मीही एक वर्ष असंच केलं. नाव यादीत, मी घरी. एका उपांत्य सामन्याला दोनाऐवजी एकच पंच उरला. खो-खोत मध्यपाटीच्या दोन्ही बाजूंना एकेक पंच लागतो, तो शोभेला नव्हे. खो पाठीमागूनच दिला का, हे या बाजूला बघत असताना पलीकडे संरक्षकाचे दोन्ही पाय रेषेबाहेर गेले तर ते दिसणार कुणाला? तेच झालं. हरकत घेतली गेली, नऊ मिनिटांची पाळी अर्धा तास रखडली, आणि शिव्या खाल्ल्या त्या एकट्या उभ्या राहिलेल्या पंचाने. मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा जमत नसेल तर यादीतून नाव काढून घे, आणि ते सांगायला आधी संयोजकांना फोन कर. अर्ज हातात पडल्यावर त्यांना कळू नये. मग हातात असलेल्या नेमणुका मोज. तुझ्याकडे दोन आहेत. येत्या रविवारची शालेय स्पर्धा पार पाड, कारण चार दिवसांत पर्यायी पंच मिळणं अवघड. पुढच्या महिन्यातली आजच परत कर, तेवढ्यात दुसरा सापडतो. मागच्या महिन्यात तू सरपंच असलेल्या सामन्याची तक्रार अजून सुनावणीत आहे ना? तिचा लेखी अहवाल देऊनच बाहेर पड. मैदानावर काय दिसलं ते तुझ्याशिवाय कुणी लिहू शकत नाही.

अर्ज मानद सचिवांच्या नावे, गुजरातीत लिही. ते आपल्याशी मराठीत बोलतात, पण फाइल गुजरातीत असते. मजकूर चार ओळींचा पुरे: नोकरीच्या वेळेमुळे अमुक तारखेपासून पॅनेलवर काम करता येणार नाही, रविवारची नेमणूक पूर्ण करीन, थकलेला प्रवासभत्ता खात्यात जमा करावा, ओळखपत्र सोबत जोडलं आहे. निवडीतलं राजकारण, उशिरा मिळणारं मानधन यातलं एक अक्षरही नको. कारण वेळेचं आहे तर वेळेचंच लिही. पोचेची सही घे.

‘राजीनामा’ की ‘वर्षभर रजा’, हे मात्र आधी स्वतःशी ठरव. शिफ्ट सहा महिन्यांत पुन्हा बदलणार असेल तर रजा माग. तसं नसेल तर रजेच्या नावाखाली जागा अडवू नकोस, नव्या मुली परीक्षा देऊन थांबल्या आहेत. तुझं परीक्षेचं प्रमाणपत्र तुझ्याकडेच राहील. परतलीस तर आधी नियमांची उजळणी कर, अधूनमधून ते बदलतात.

मंडळाचं स्टॉपवॉच तुझ्याच पिशवीत आहे, ते विसरू नकोस.

तुझा काका