अ‍ॅडॅप्टिव्ह मीडियन फिल्टरमध्ये खिडकी केव्हा वाढते, आणि सपाट भागात ठिपके का उरतात?

प्रश्न: माझ्या ग्रेस्केल प्रतिमेत सॉल्ट-अँड-पेपर नॉइज आहे, पण तो मधोमध खूप दाट आणि कडेला विरळ आहे. अ‍ॅडॅप्टिव्ह मीडियन फिल्टरची खिडकी नेमकी कधी वाढते, हे आकड्यांवर कोणी दाखवेल का? माझ्या कोडने दाट भाग बराच साफ होतो, पण आकाशाच्या सपाट भागात ठिपके तसेच राहतात, हे उलटे का?

उत्तर:

तुमच्या दोन्ही शंकांचे मूळ एकाच ठिकाणी आहे. खिडकी वाढवायची की नाही हे ठरवताना हा फिल्टर मधल्या पिक्सेलकडे बघतच नाही, तो फक्त मध्यकाकडे बघतो. मधला पिक्सेल खराब आहे म्हणून खिडकी वाढते, असा समज सर्रास आढळतो आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

ह्वांग आणि हद्दाद यांनी १९९५ साली मांडलेल्या आणि पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेल्या या पद्धतीत दोन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीत खिडकीतील किमान मूल्य, मध्यक आणि कमाल मूल्य काढून मध्यक त्या दोघांच्या काटेकोरपणे मध्ये आहे का, हे तपासतात. तसे असेल तर मध्यक स्वतः ठिपका नाही, असे धरून दुसऱ्या पायरीकडे जातात. नसेल तर खिडकी ३×३ वरून ५×५, मग ७×७ अशी वाढवून हीच तपासणी पुन्हा करतात. मधल्या पिक्सेलची चौकशी दुसऱ्या पायरीत होते: तो किमान आणि कमाल यांच्या मध्ये असेल तर तो जसाच्या तसा ठेवायचा, नाहीतर त्याच्या जागी मध्यक घालायचा. पुढच्या पिक्सेलसाठी खिडकी पुन्हा ३×३ पासूनच सुरू होते.

आता हे प्रत्यक्ष आकड्यांवर पाहू. खालच्या जाळीत मूळ प्रतिमा डावीकडून उजवीकडे हळूहळू उजळत जाणारी होती आणि बरोबर मधल्या, म्हणजे चौथ्या ओळीतील चौथ्या पिक्सेलचे मूळ मूल्य ११८ होते. त्यावर मधोमध दाट आणि कडेला विरळ असा नॉइज पडला आहे. २५५ हा पांढरा ठिपका आणि ० हा काळा.

```
११२  ११४  ११५  ११७    ०  १२०  १२१
११३  ११४  २५५  २५५  ११९  २५५  १२२
११३  २५५  २५५  २५५  ११९  १२१  २५५
  ०  ११५  २५५  २५५    ०  २५५  १२३
११४    ०  ११७  २५५  २५५  १२२  १२३
२५५  ११६  २५५  ११९  २५५  १२२  १२४
११५  ११७  ११८  १२०  १२१  १२३  १२४
```

मधल्या पिक्सेलभोवती ३×३ ची खिडकी घेतली की चढत्या क्रमाने मूल्ये येतात ती अशी: ०, ११७, ११९ आणि त्यानंतर सहा वेळा २५५. नऊ मूल्यांत मध्यक म्हणजे पाचवे मूल्य, आणि ते २५५ आहे. किमान ०, मध्यक २५५, कमाल २५५. मध्यक कमाल मूल्याइतकाच असल्यामुळे तो विश्वासार्ह नाही, म्हणून खिडकी वाढते. साधा ३×३ मीडियन फिल्टर इथेच थांबला असता आणि त्याने २५५ हेच उत्तर दिले असते. दाट भागात साध्या फिल्टरनंतरही पांढरे पुंजके दिसतात ते याच कारणाने.

५×५ मध्ये पंचवीस मूल्ये येतात आणि मध्यक तेराव्या क्रमांकावर असतो. मोजून पाहा: या खिडकीत काळे ठिपके दोन, खरी मूल्ये दहा आणि पांढरे ठिपके बरोबर तेरा आहेत. पहिली बारा जागा काळ्यांनी आणि खऱ्या मूल्यांनी भरल्या, म्हणजे तेरावे मूल्य पुन्हा २५५. एक पांढरा ठिपका जरी कमी असता तरी तेराव्या जागी १२२ आले असते आणि तपासणी इथेच पार पडली असती. पण तसे नाही, त्यामुळे खिडकी आणखी एकदा वाढते.

७×७ मध्ये मात्र कडेचा विरळ भाग मदतीला येतो. एकोणपन्नास मूल्यांपैकी चार काळी, तीस खरी आणि पंधरा पांढरी आहेत. मध्यक पंचविसावा, चार काळी वगळली तर तो खऱ्या मूल्यांपैकी चढत्या क्रमाने एकविसावा ठरतो, आणि ते मूल्य १२१ आहे. ० < १२१ < २५५, म्हणजे पहिली पायरी पार झाली. दुसऱ्या पायरीत मधला पिक्सेल २५५ हा कमाल मूल्याइतकाच निघतो, म्हणून त्याच्या जागी १२१ जाते.

मूळ मूल्य ११८ होते आणि उत्तर १२१ आले, हा फरक का पडला तेही लक्षात घेण्यासारखे आहे. तीसच्या तीस खऱ्या मूल्यांचाच मध्यक काढला असता तर तो ११९ आला असता. परंतु पांढरे ठिपके काळ्यांच्या जवळजवळ चौपट असल्यामुळे ते मध्यकाला वरच्या बाजूला ओढतात. ज्या भागात एकाच रंगाचे ठिपके जास्त असतात, तिथे साफ झालेली प्रतिमा किंचित उजळ किंवा काळपट दिसते ती या ओढीमुळे, आणि खिडकी मोठी करून हा दोष जात नाही.

विरळ भागाचे उदाहरण म्हणून सहाव्या ओळीतील सहावा पिक्सेल घ्या. त्याचे मूल्य १२२ आहे. त्याच्या ३×३ खिडकीत १२१, १२२, १२२, १२३, १२३, १२४, १२४, २५५, २५५ ही मूल्ये आहेत. मध्यक १२३ हा १२१ आणि २५५ यांच्या मध्ये आहे, त्यामुळे खिडकी वाढत नाही. मधले १२२ देखील त्या दोघांच्या मध्ये आहे, त्यामुळे ते तसेच राहते. साध्या फिल्टरने इथे निष्कारण १२३ लिहिले असते. बारीक रेषा आणि पोत या फिल्टरमध्ये टिकतात त्या या दुसऱ्या पायरीच्या जोरावर.

आता तुमच्या आकाशाकडे वळतो. समजा, आकाशाचा तुकडा अगदी एकसारखा १२० आहे आणि त्यात एकच पांढरा ठिपका पडला आहे. ३×३ मध्ये आठ वेळा १२० आणि एकदा २५५. किमान १२०, मध्यकही १२०. मध्यक अगदी बरोबर असूनही तो किमान मूल्याइतका असल्याने तपासणी नापास होते. ५×५ मध्ये तेच, ७×७ मध्येही तेच, कारण खिडकीत १२० पेक्षा गडद असे काही सापडेपर्यंत ही अट पूर्ण होऊच शकत नाही. शेवटी खिडकी कमाल आकाराला पोहोचते आणि मग काय परत करायचे, यावर सगळे अवलंबून राहते. काही ठिकाणी अशा वेळी मूळ पिक्सेल परत करण्याची रीत दिलेली असते, तर काही ठिकाणी मध्यक. तुमच्या कोडमध्ये पहिली रीत असणार, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर तो पांढरा ठिपका तीन वेळा तपासून शेवटी जागच्या जागी ठेवला जातो.

यातून निघणारी गोष्ट मजेशीर आहे: सपाट भागात नॉइज जितका विरळ, तितके उरणाऱ्या ठिपक्यांचे प्रमाण जास्त. एकूण नॉइज १० टक्के असेल आणि त्यात काळे-पांढरे निम्मे निम्मे असतील, तर पांढऱ्या ठिपक्याभोवतीच्या ७×७ खिडकीत एकही काळा ठिपका नसण्याची शक्यता सुमारे साडेआठ टक्के येते. नॉइज ५ टक्क्यांवर आला की तीच शक्यता जवळजवळ तीस टक्क्यांवर जाते. तुम्हाला जे उलटे वाटले ते या हिशेबाने सरळच आहे.

उपाय एका ओळीचा आहे. मी नेहमी शेवटी मध्यकच परत करतो:

```python
def amf_pixel(img, y, x, smax=7):
    zxy = img[y, x]
    for s in range(3, smax + 1, 2):
        k = s // 2
        w = img[y-k:y+k+1, x-k:x+k+1]
        lo, med, hi = w.min(), np.median(w), w.max()
        if lo < med < hi:
            return zxy if lo < zxy < hi else med
    return med
```

इथे `img` ही आधीच कडा वाढवून घेतलेली प्रतिमा आहे. कडा `np.pad` ने `mode='reflect'` देऊन वाढवाव्यात. शून्ये भरली तर सीमेवर आपणच काळे ठिपके पेरल्यासारखे होते. उत्तरे वेगळ्या अ‍ॅरेत लिहावीत, नाहीतर पुढच्या खिडकीत अर्धी जुनी आणि अर्धी बदललेली मूल्ये येतात. तुलना मी `<` ने थेट केली आहे, वजाबाकी करून चिन्ह तपासलेले नाही, आणि तेही मुद्दाम. पुस्तकातले सूत्र तसेच उतरवून `uint8` मध्ये १२२ वजा २५५ केले तर उत्तर ऋण न येता १२३ येते, दुसरी पायरी कधीच पार होत नाही आणि फिल्टर चांगल्या पिक्सेलनाही मध्यकाने बदलत सुटतो. प्रतिमा सरसकट मऊ पडलेली दिसली, तर आधी ही जागा तपासा.

ठिपके फक्त ० आणि २५५ याच मूल्यांचे आहेत याची खात्री असेल, तर दोन्ही तपासण्या खिडकीतल्या किमान-कमाल मूल्यांऐवजी थेट ० आणि २५५ यांच्याशी करता येतात. मग सपाट आकाश ३×३ मध्येच निकाली निघते आणि वेळही वाचतो. ज्या प्रतिमेत खरोखरच शुद्ध काळे किंवा शुद्ध पांढरे भाग आहेत, तिथे मात्र जपून वापरा. कमी रिझोल्यूशनच्या स्कॅन केलेल्या देवनागरी पानावर कोणताही मीडियन फिल्टर आधी अनुस्वार खातो. ठिपक्यांची मूल्ये ० ते २५५ मध्ये कुठलीही असतील, तर हा फिल्टर योग्य नाही, कारण ९० किंवा २०० मूल्याचा ठिपका किमान-कमाल यांच्या मध्ये बसून दुसरी पायरी सहज पार करतो.

कमाल आकार किती ठेवावा, याचाही अंदाज याच मोजणीतून येतो. काळे-पांढरे समसमान धरून ७० टक्के नॉइजमध्ये ३×३ चा मध्यक स्वतःच ठिपका असण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के आहे, तर ७×७ मध्ये ती तीन टक्क्यांच्या आसपास येते. तुमच्या प्रतिमेसाठी आकडा ठरवायचा तर प्रत्येक पिक्सेलला शेवटी कोणती खिडकी लागली, ते दुसऱ्या एका अ‍ॅरेत नोंदवा आणि तो प्रतिमेसारखा पाहा. जिथे कमाल आकारालाही तपासणी पार झाली नाही असे पिक्सेल सपाट आकाशात विखुरलेले दिसले, तर ते वर सांगितलेले निरुपद्रवी प्रकरण आहे; ते दाट भागात पुंजक्याने दिसले, तर `smax` ९ किंवा ११ करा.